'मॅन्युअल'वरून 'ऑटो'वर जाताना व्हॉल्व्हला झटका का बसतो? साखर कारखान्याच्या बॉयलरमागचं गणित समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यात गळीत हंगाम जवळ आला की स्थानिक वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते, 'बॉयलर अग्निप्रदीपन सोहळा उत्साहात'. संगमनेर असो, कोपरगाव असो, राहाता, नेवासा किंवा शेवगाव, कारखाना कुठलाही असला तरी क्रम तोच. आधी बॉयलर पेटतो आणि मग काही दिवसांनी गव्हाणीत उसाची मोळी पडते. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातही याच जिल्ह्यातली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केलं.

पूजा, नारळ आणि फोटो झाल्यावर जे घडतं, ते मात्र बातमीत येत नाही. थंड बॉयलर हळूहळू तापवला जातो. या काळात त्याच्यात किती पाणी सोडायचं हे कंट्रोल रूममधला माणूस स्वतः ठरवत असतो. वाफ स्थिर झाली की तो स्क्रीनवरचं `MAN` हे बटण बदलून `AUTO` करतो आणि पाण्याचा ताबा कंट्रोलरकडे जातो.

ताबा बदलण्याचा हा एक सेकंद नाजूक असतो. कंट्रोलरमधलं गणित चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं असेल, तर ३८ टक्के उघडा असलेला व्हॉल्व्ह थेट ९६ टक्क्यांवर जाऊ शकतो. बरोबर लिहिलेलं असेल, तर व्हॉल्व्ह हलला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हीकडे नियम एकच असतो, त्याचं नाव पीआयडी. फरक असतो तो मांडणीचा. यातल्या दुसऱ्या मांडणीला 'व्हेलॉसिटी फॉर्म' म्हणतात. ती काय आहे आणि झटका कसा टाळते, हे समजून घेऊ.

बॉयलरमध्ये नेमकं काय सांभाळायचं असतं?

साखर कारखान्याचा बॉयलर बहुतेक वेळा बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यावर चालतो. बॉयलरच्या वरच्या बाजूला एक मोठं नळकांडं असतं, त्याला स्टीम ड्रम म्हणतात. ड्रममध्ये खाली पाणी आणि वर वाफ. हीच वाफ पुढे टर्बाइन फिरवते, वीज तयार करते आणि रस उकळण्याच्या कामी येते.

ड्रममधल्या पाण्याची पातळी ठरलेल्या पट्ट्यातच राहावी लागते. पातळी फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी सुपरहीटरमध्ये आणि तिथून टर्बाइनपर्यंत पोहोचू शकतं. वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर पाणी आदळणं म्हणजे मोठं नुकसान. पातळी फार खाली गेली तर आगीसमोरच्या नळ्यांना आतून पाणी कमी पडतं आणि त्या जास्त तापून फुटू शकतात. म्हणूनच पातळी धोक्याच्या रेषेखाली गेली की सुरक्षा यंत्रणा बॉयलर बंद पाडते, म्हणजेच तो 'ट्रिप' होतो.

बॉयलर थांबला की वाफ थांबते, वाफ थांबली की गाळप थांबतं. बाहेर यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्याच असतात. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो, तितकं त्याचं वजन आणि त्यातली साखर घटत जाते.

या पातळीवर नियंत्रण ठेवण्याचं साधन एकच, फीड वॉटर व्हॉल्व्ह. तो जास्त उघडला की जास्त पाणी आत येतं. कंट्रोलरचं काम पातळी बघून व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा हे ठरवण्याचं.

मग सुरुवातीला माणूस कशाला लागतो?

कारण बॉयलर तापताना पाणी नेहमीसारखं वागत नाही. तापल्यावर ते फुगतं. टर्बाइनने पहिल्यांदा वाफ ओढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले वाफेचे बुडबुडे मोठे होतात आणि पाणी न वाढताही पातळी वर गेल्यासारखी दिसते. याला 'स्वेल' म्हणतात. उलट, एकदम जास्त थंड पाणी सोडलं तर बुडबुडे विरतात आणि पाणी वाढत असूनही पातळी खाली गेलेली दिसते. याला 'श्रिंक' म्हणतात.

अनुभवी बॉयलर अटेंडंट हे जाणून असतो. स्वेलसाठी जागा राहावी म्हणून सुरुवातीला तो पातळी मुद्दाम थोडी खाली ठेवतो. सगळं स्थिरावल्यावरच तो नियंत्रण ऑटोवर टाकतो.

हा तपशील लक्षात ठेवा. मॅन्युअलवर असताना खरी पातळी आणि हवी असलेली पातळी यांत फरक असणं ही चूक नाही. तो फरक जाणूनबुजून ठेवलेला असतो. कंट्रोलरला मात्र हे ठाऊक नसतं.

पीआयडी म्हणजे काय?

हवी असलेली पातळी म्हणजे सेट पॉइंट, स्क्रीनवर `SP`. प्रत्यक्ष मोजलेली पातळी म्हणजे `PV`. व्हॉल्व्हला दिलेला हुकूम म्हणजे `OP`. सेट पॉइंट वजा प्रत्यक्ष पातळी, ही झाली त्रुटी. पीआयडी या त्रुटीकडे तीन प्रकारे बघतो.

पी हा भाग विचारतो, आत्ता त्रुटी किती आहे? जितकी त्रुटी, तितका दट्ट्या.

आय हा भाग विचारतो, आतापर्यंत एकूण किती त्रुटी साठली? छोटी त्रुटी बराच वेळ टिकून राहिली तर हाच भाग हळूहळू जोर वाढवत नेतो आणि शेवटी ती शून्यावर आणतो.

डी हा भाग विचारतो, त्रुटी किती वेगाने बदलते आहे? ड्रममधलं पाणी सतत खळखळत असल्याने पातळीचं मोजमाप थरथरतं. डी त्या थरथरीलाच प्रतिसाद देऊ लागतो, म्हणून अशा ठिकाणी तो बहुधा बंद ठेवतात. पुढच्या उदाहरणातही पी आणि आय एवढेच घेऊ.

संगणकावर हे गणित सलग चालत नाही. ठरावीक अंतराने, समजा दर सेकंदाला एकदा, पातळी वाचली जाते, उत्तर काढलं जातं आणि व्हॉल्व्हला पाठवलं जातं. हे गणित दोन प्रकारे मांडता येतं.

पहिली मांडणी: दर वेळी पहिल्यापासून बेरीज

पहिल्या मांडणीला 'पोझिशन फॉर्म' म्हणतात. ती दर सेकंदाला विचारते, व्हॉल्व्ह एकूण किती टक्के उघडा हवा?

```
OP = Kc * ( e + (T / Ti) * sum_e )
```

यात `e` म्हणजे आत्ताची त्रुटी आणि `sum_e` म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या त्रुटींची बेरीज. `Kc` हा कंट्रोलरचा जोर, `T` म्हणजे दोन वाचनांमधलं अंतर आणि `Ti` हा आय किती सावकाश काम करेल ते ठरवणारा वेळ.

आता आकडे घालून बघू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. सेट पॉइंट ५० टक्के. अटेंडंटने पातळी ४७ वर ठेवली आहे, म्हणजे त्रुटी ३. व्हॉल्व्ह त्याने हाताने ३८ टक्क्यांवर धरला आहे, आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारी वाफ यांचा मेळ बसला आहे. `Kc` २, `T` १ सेकंद आणि `Ti` १२० सेकंद.

अटेंडंट अर्धा तास या स्थितीत थांबतो. तेवढ्या वेळात कंट्रोलरचं गणित आत चालूच असेल तर १८०० सेकंद गुणिले ३, म्हणजे ५४०० इतकी बेरीज साठते. तिला `Kc` आणि `T / Ti` ने गुणलं की आयचा वाटा होतो ९० टक्के. पीचा वाटा २ गुणिले ३, म्हणजे ६ टक्के. एकूण ९६.

मॅन्युअलवर असेपर्यंत हे ९६ कुणाला दिसत नाही, कारण व्हॉल्व्ह माणसाचं ऐकत असतो. पण `AUTO` दाबताच पुढच्या सेकंदाला ३८ चे ९६ होतात.

बॉयलरमध्ये मग काय घडतं? तुलनेने थंड पाण्याचा लोंढा आत येतो. बुडबुडे विरून श्रिंक होतं आणि पातळी आणखी खाली दिसते. कंट्रोलरला वाटतं, पाणी अजून कमीच पडतंय. तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो. वाफेचा दाब पडतो. भट्टीत बगॅस जळत असल्याने उष्णता चटकन वाढवता येत नाही. थोड्या वेळाने आत गेलेलं सगळं पाणी तापून फुगतं आणि पातळी वरच्या धोक्याच्या रेषेकडे धावते. बिघाड कुठल्याच यंत्रात नसतो, तरी बॉयलर ट्रिप होण्याच्या बेतात येतो.

दुसरी मांडणी: फक्त बदल किती?

व्हेलॉसिटी फॉर्म प्रश्नच वेगळा विचारतो. व्हॉल्व्ह एकूण किती हवा, हे तो विचारत नाही. आत्ता आहे तिथून किती सरकवायचा, एवढंच विचारतो.

पतसंस्थेच्या पासबुकाचं उदाहरण घ्या. शिल्लक काढण्यासाठी खातं उघडल्यापासूनच्या सगळ्या नोंदींची दर वेळी बेरीज करता येते. ही झाली पहिली मांडणी. किंवा शेवटची शिल्लक घ्यायची आणि आजची नोंद तिच्यात मिळवायची. ही दुसरी. हिशोब बरोबर असेल तर उत्तर एकच येतं. पण मध्येच कुणी शिल्लक बदलून ठेवली, तर पहिल्या पद्धतीला ते कळतच नाही. दुसरी पद्धत समोर दिसणाऱ्या शिलकेपासूनच पुढे जाते.

हे सूत्र पहिल्या सूत्रातूनच निघतं. या सेकंदाच्या उत्तरातून मागच्या सेकंदाचं उत्तर वजा करा. दोन्हीकडची लांबलचक बेरीज जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे ती कटते. मागे उरते फक्त शेवटची नोंद.

```
dOP = Kc * ( (e - e1) + (T / Ti) * e )
OP  = OP_prev + dOP
```

`e1` म्हणजे मागच्या सेकंदाची त्रुटी. डीसुद्धा वापरला तर त्याच्याही आधीच्या सेकंदाची त्रुटी लागते, इतकाच फरक. `OP_prev` म्हणजे व्हॉल्व्हची आधीची स्थिती. यात `sum_e` कुठेच नाही, म्हणजे अर्धा तास गुपचूप फुगत राहील असं काही उरलंच नाही.

आता तेच उदाहरण पुन्हा. पातळी ४७ वर स्थिर आहे, त्यामुळे आत्ताची त्रुटी ३ आणि मागच्या सेकंदाचीही ३. त्यांतला फरक शून्य, म्हणून पीचा वाटा शून्य. आयचा वाटा २ गुणिले ३ भागिले १२०, म्हणजे ०.०५ टक्के. व्हॉल्व्ह ३८ वरून ३८.०५ वर जातो.

याला म्हणतात 'बंपलेस ट्रान्सफर', म्हणजे झटका न बसता झालेला ताबाबदल.

पुढच्या सेकंदाला पुन्हा ०.०५. त्रुटी ३ वरच राहिली तर मिनिटभरात व्हॉल्व्ह ४१ वर येतो. तोवर पातळी वर चढू लागते. पातळी १ टक्का वाढली की पी २ टक्के काढून घेतो. म्हणजे आय हळूहळू उघडत जातो आणि पातळी हलू लागली की पी आवर घालतो. पातळी ५० च्या थोडी वर जाऊन परत येईल, पण कंट्रोलरने काम केलं ते सावकाश आणि खऱ्या स्थितीपासून सुरुवात करून.

उलट दिशेने, म्हणजे ऑटोवरून मॅन्युअलवर जाताना अडचण त्याहून कमी. कंट्रोलरने शेवटी दिलेला `OP` तसाच ठेवायचा आणि माणसाने तिथून पुढे वर-खाली करायचं.

यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

बरंचसं काम मांडणीतच होऊन जातं, पण दोन अटी पाळाव्या लागतात. दर सेकंदाला चालणाऱ्या प्रोग्रॅमचा गाभा असा असतो:

```
e = SP - PV
dOP = Kc * ((e - e1) + (T / Ti) * e)
if mode == AUTO:
    OP = OP + dOP
else:
    OP = OP_operator
OP = min(max(OP, 0), 100)
e1 = e
```

पहिली अट `else` च्या खालच्या ओळीत आहे. मॅन्युअलवर असताना `OP` मध्ये माणसाने दिलेली खरी किंमत भरली जायलाच हवी. काही ठिकाणी व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून न चालवता बॉयलरजवळच्या स्थानिक स्टेशनवरून चालवतात. तिथली स्थिती कंट्रोलरपर्यंत पोहोचली नाही, तर त्याच्या लेखी `OP` कदाचित २० असेल आणि व्हॉल्व्ह मात्र ३८ वर. मग ऑटोवर टाकल्याबरोबर हुकूम सुटतो २०.०५ चा आणि व्हॉल्व्ह १८ टक्क्यांनी खाली आदळतो. गणित बरोबरच होतं, शिल्लक चुकीची होती.

दुसरी अट शेवटच्या ओळीत, `e1 = e`. ही ओळ `if` च्या बाहेर आहे, म्हणजे मॅन्युअलवर असतानाही ती चालते. घाईत कुणी ती ऑटोच्या भागात टाकली, तर मॅन्युअलवर जाताना जी त्रुटी होती तीच `e1` मध्ये गोठून राहते. समजा तेव्हा त्रुटी शून्य होती आणि आता ३ आहे. पहिल्याच सेकंदाला प्रोग्रॅमला वाटेल की त्रुटी एका सेकंदात ० ची ३ झाली. पी लगेच २ गुणिले ३, म्हणजे ६ टक्क्यांचा धक्का देईल. ९६ टक्क्यांच्या मानाने तो लहान, पण धक्काच.

शेवटून दुसरी ओळ `OP` ला ० ते १०० च्या आत ठेवते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्रुटी कितीही वेळ टिकली तरी `OP` १०० च्या पुढे साठत नाही. त्यामुळे त्रुटीची दिशा बदलली की व्हॉल्व्ह लगेच मिटायला लागतो.

झटका बसतोय हे ओळखायचं कसं?

कंट्रोल रूममध्ये प्रत्येक संकेताचा आलेख उपलब्ध असतो, त्याला ट्रेंड म्हणतात. ताबा बदलला त्या क्षणाचा `OP` चा ट्रेंड बघायचा. बहुतेक जण पातळीचा ट्रेंड बघतात, पण पातळीवर परिणाम उशिरा दिसतो आणि त्यात श्रिंक-स्वेल मिसळलेलं असतं. `OP` ची रेघ मात्र स्पष्ट बोलते. ती त्या क्षणापासून हळूहळू कलायला लागली तर सगळं ठीक. एकाच सेकंदात पायरीसारखी चढली किंवा उतरली तर तो झटका.

झटक्याच्या आकारावरून कारणही शोधता येतं. हंगामाआधीच्या चाचणीत, जिथे धोका नाही अशा स्थितीत, दोन-तीन टक्के त्रुटी ठेवून आधी मिनिटभराने आणि मग पुन्हा दहा मिनिटांनी ऑटोवर टाकून बघायचं.

दुसऱ्या वेळचा झटका बराच मोठा असेल, तर मॅन्युअलवर असतानाही आत कुठेतरी बेरीज साठते आहे. म्हणजे पोझिशन फॉर्म आहे आणि त्याची काळजी घेतलेली नाही.

दोन्ही वेळी झटका सारखाच आणि तो त्रुटीतल्या बदलाला `Kc` ने गुणल्यावर येतो तितकाच असेल, तर मागची त्रुटी गोठली आहे. उदाहरणातला ६ टक्क्यांचा धक्का याच जातीचा.

झटक्याचा त्रुटीशी काहीच संबंध नसेल, अगदी त्रुटी शून्य असतानाही तो बसत असेल, तर कंट्रोलरच्या मनातली व्हॉल्व्हची स्थिती आणि खरी स्थिती वेगळी आहे.

मग सगळीकडे हीच मांडणी का वापरत नाहीत?

कारण तिच्याही मर्यादा आहेत. शिवाय झटका टाळण्याचा हा एकमेव मार्गही नाही. पोझिशन फॉर्ममध्ये मॅन्युअलवर असताना आयचा वाटा दर सेकंदाला उलटा काढून ठेवता येतो. व्हॉल्व्ह ३८ वर आणि पीचा वाटा ६, तर आयमध्ये ३२ भरायचे. ऑटोवर जाताना ६ अधिक ३२, म्हणजे ३८ च येतात. फरक इतकाच की पोझिशन फॉर्ममध्ये ही काळजी आठवणीने घ्यावी लागते, व्हेलॉसिटी फॉर्ममध्ये तिचा मोठा भाग रचनेतच असतो.

व्हेलॉसिटी फॉर्मची पहिली मर्यादा म्हणजे तो आयशिवाय चालत नाही. सूत्रात पीचा भाग `e - e1` असा आहे. सेट पॉइंट दोन्ही त्रुटींत सारखाच असल्याने तो वजाबाकीत कटून जातो. पातळी किती हवी ही गोष्ट मग फक्त आयलाच माहीत असते. आय बंद केला, तर कंट्रोलर पातळीच्या हालचालींना विरोध करत राहील, पण ती कुठे न्यायची हे त्याला कळणार नाही. ती ४७ वरच रेंगाळेल किंवा हळूहळू भरकटेल.

दुसरी मर्यादा बारीक आकड्यांची. ज्या जुन्या किंवा छोट्या यंत्रणांत `OP` दशांशाशिवाय, समजा ० ते ४०९५ अशा पूर्णांकांत ठेवलेला असतो, तिथे ०.०५ टक्के म्हणजे जेमतेम २ अंक. त्रुटी ०.५ वर आली की एका सेकंदाचा बदल ०.००८ टक्के, म्हणजे अंदाजे ०.३४ अंक होतो. प्रोग्रॅमने दशांश कापून टाकले तर उरतो शून्य. पुढच्या सेकंदाला पुन्हा शून्य. पातळी सेट पॉइंटपासून किंचित दूर थबकते आणि तिथेच बसून राहते. आय चालू असूनही त्रुटी संपत का नाही, याचा उलगडा ट्युनिंग बदलून होत नाही. उपाय सोपा आहे. `OP` दशांशासह साठवायचा किंवा कापलेला भाग पुढच्या सेकंदासाठी राखून ठेवायचा.

तिसरी मर्यादा टोकाची. व्हॉल्व्ह १०० वर टेकलेला असताना मोजमाप थरथरलं, तर वर जाणारा बदल छाटला जातो, खाली जाणारा मात्र मोजला जातो. त्यामुळे पाण्याची खरी गरज असतानाही व्हॉल्व्ह टोकापासून थोडा सुटू शकतो. डी चालू असेल तर हे जास्त जाणवतं. म्हणून पातळीचा संकेत आधी थोडा गाळून घेतात.

बंपलेस म्हणजे कंट्रोलर काहीच करणार नाही, असं का?

नाही, आणि इथेच बऱ्याचदा गल्लत होते. झटका नसणं म्हणजे पहिल्या सेकंदाला उडी नसणं. त्रुटी असेल तर ती भरून काढायला कंट्रोलर लगेचच सुरुवात करतो.

काही यंत्रणांत आणखी एक सोय असते, 'सेट पॉइंट ट्रॅकिंग'. मॅन्युअलवर असताना सेट पॉइंटच प्रत्यक्ष पातळीच्या मागे फिरत राहतो, म्हणजे ताबा बदलताना त्रुटी शून्य असते आणि व्हॉल्व्ह जागचा हलतही नाही. पण ड्रमच्या पातळीसाठी ही सोय जपून वापरावी लागते. अटेंडंटने पातळी ४७ वर ठेवली ती तापण्याच्या काळापुरती. ट्रॅकिंग चालू असेल तर ऑटोवर गेल्यावर सेट पॉइंटही ४७ च राहील आणि तो पुन्हा ५० वर नेण्याचं काम कुणाला तरी आठवावं लागेल. व्हेलॉसिटी फॉर्म सेट पॉइंटला हात लावत नाही, म्हणून तो ५० कडे आपोआप सरकतो.

हंगामाच्या सुरुवातीला असा ताबाबदल एकदाच होत नाही. वाफेचा भार कमी असताना कंट्रोलर फक्त पातळी बघून चालतो. भार वाढला की पातळीबरोबर वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही बघणाऱ्या 'थ्री एलिमेंट' पद्धतीवर त्याला नेतात. त्या बदलातही प्रश्न तोच असतो, नव्या कंट्रोलरने कुठून सुरुवात करायची? तिथे पातळीचा कंट्रोलर व्हॉल्व्हला थेट हुकूम देत नाही, किती पाणी यायला हवं ते सांगतो. म्हणून त्याच्या `OP` मध्ये आधी व्हॉल्व्हचे टक्के नव्हे, तर त्या क्षणी प्रत्यक्ष वाहत असलेल्या पाण्याचा आकडा भरावा लागतो. तो भरला की पुढचं पाऊल तिथूनच पडतं.